जमाखर्चातले दुबार खर्च

घरखर्चाच्या हिशेबात एकच खर्च दोनदा येतो, तो बहुधा क्रेडिट कार्डामुळे. ४,५०० रुपयांचा किराणा आणि २,००० रुपयांचे पेट्रोल घेतले त्याच दिवशी लिहिले जाते. त्याच महिन्यात कार्डाचे ६,५०० रुपयांचे बिल भरले की तेही ‘इतर’ खाली चढते. ‘इतर’ हे सदर तसेही संशयास्पदच!

अशी चूक शिलकेवरून पकडता येते. आरंभीची शिल्लक १२,००० रुपये, पगार ५०,००० आणि लिहिलेला खर्च ४४,५०० असेल, तर १७,५०० उरायला हवेत. बँकेत आणि हातात मिळून २४,००० निघाले, तर फरक नेमका बिलाएवढा असतो. बिल भरणे हा नवा खर्च नसून जुनी उधारी फेडणे आहे. ती नोंद खर्चातून काढावी.

सदरांच्या बेरजा वेगळ्या कारणाने चुकतात. एक्सेलमध्ये औषधांची बेरीज =SUM(B2:B6) अशी असताना ८५० रुपयांची नवी नोंद सातव्या ओळीत गेली, तर ती बेरजेबाहेर राहू शकते. म्हणून सगळ्या नोंदींची थेट बेरीज सदरांच्या एकूण बेरजेशी ताडून पाहावी. दुबार नोंद मात्र या ताळ्यात सापडत नाही, कारण ती दोन्हीकडे सारखीच मोजली जाते.