‘पुढच्या गुरुवारी या’

शेजारच्या मुलाचा उणे दोनचा चष्मा तासाभरात मिळतो आणि आपल्याला मात्र दुकानदार ‘पुढच्या गुरुवारी या’ म्हणतो. मुलाची काच तयारच असते. फ्रेमच्या आकारात कापली, बसवली, झाले. अधिक सहा ते उणे सहा या पाव-पाव नंबरांच्या 49 पायऱ्या, सिलेंडरच्या शून्य ते दोन अशा नऊ. एकूण 441 प्रकार. सिलेंडरचा कोन कोणताही असो, गोल काच फिरवून तो जुळवता येतो.

प्रोग्रेसिव्ह काच फिरवता येत नाही. वाचायचा भाग खालीच राहायला हवा, म्हणून कोन काच घडवतानाच आणावा लागतो. 180 कोन आणि वाचनाच्या नंबराच्या बारा पायऱ्या धरल्या, तर एका डोळ्यासाठीच आठ लाखांहून जास्त प्रकार होतात. एवढा माल कोण भरून ठेवणार?

म्हणून लॅबमध्ये काम सुरू होते ते ब्लँकपासून. ही जाड गोल चकती; पुढची बाजू तयार, मागची घासायची. ती किती मोठी घ्यायची हे फ्रेमवर ठरते. समजा, नंबर उणे चार, फ्रेममधल्या काचेची रुंदी 52 मिलिमीटर आणि नाकावरचे अंतर 18. म्हणजे दोन्ही काचांच्या मध्यांत 70 मिलिमीटर, पण बाहुल्यांमध्ये 62 च. प्रत्येक काचेचा प्रकाशमध्य चार मिलिमीटर नाकाकडे सरकवावा लागतो आणि ब्लँक आठ मिलिमीटर मोठी लागते. सरकवला नाही, तर दोन्ही डोळ्यांवर मिळून तीनहून जास्त प्रिझमचा ताण येतो. फॅशनच्या भल्यामोठ्या फ्रेमला ब्लँक पुरत नाही, ती याच हिशेबामुळे.

घासण्याआधी ब्लँक ठोकळ्यावर पक्की बसवतात. त्यासाठी बऱ्याच ठिकाणी 47 अंशांना वितळणारा मिश्रधातू वापरतात. तो पुरता निवायच्या आत घाई केली, तर काच ताणलेल्या अवस्थेत घासली जाते आणि सोडवल्यावर नंबर बदललेला निघतो. हिऱ्याच्या हत्याराने घासणे आणि पॉलिश मात्र मिनिटांचे काम.

वेळ खाते ते कोटिंग. ओरखडे टाळणाऱ्या लेपात बुडवून काच काही तास भट्टीत ठेवतात. चकाकी घालवणारे थर हवा काढून घेतलेल्या पेटीत चढतात. प्लास्टिकमध्ये ओल राहिली तर ते पुढे सोलवटतात, म्हणून आधी वाळवणे आलेच. शिवाय एका जोडीसाठी पेटी कोणी चालवत नाही, पुरेशा काचा जमेपर्यंत थांबतात.

मग फ्रेमच्या आकाराची कटाई. इथे जास्त घासले गेले की परतीची वाट नाही, नवी ब्लँक. शेवटी लेन्सोमीटरवर तपासणी: साधारण 0.12 चा फरक चालतो, पण सिलेंडर मोठा असेल तर कोनात दोनेक अंशांपलीकडे सूट नसते.

चष्मा हाती आल्यावर काच उजेडात तिरकी धरून पाहा. प्रोग्रेसिव्हवर 34 मिलिमीटर अंतरावर दोन पुसट खुणा कोरलेल्या असतात. त्यांना जोडणारी रेघ आडवी, सरळ नसेल तर तिथेच दुकानदाराला दाखवा.