टक्क्यांच्या बेरजेत हरवलेली पोरं

२०२४ च्या दहावीच्या निकालात कोकण विभाग नेहमीप्रमाणे पहिला आला: ९९.०१ टक्के. सगळ्यांत खाली नागपूर, ९४.७३ टक्के. राज्य मंडळाच्या नऊही विभागांचे टक्के वर्तमानपत्रात एकाखाली एक छापून आले होते. एखाद्याने त्यांची बेरीज करून नवाने भागलं, तर उत्तर येतं ९६.०९. मंडळाने जाहीर केलेला राज्याचा निकाल मात्र ९५.८१ टक्के होता.

फरक पाव टक्क्याच्या जरा वरचा. पण त्या वर्षी १५,४९,३२६ नियमित विद्यार्थी परीक्षेला बसले होते. त्या हिशेबात हा एवढासा फरक म्हणजे चार हजारांहून अधिक मुलं झाली. नापास झालेली एवढी मुलं नुसत्या भागाकाराने पास होऊन बसतात.

हे कसं घडतं, ते लाखांच्या आकड्यांत दिसत नाही. त्यापेक्षा एखाद्या शाळेच्या दोन तुकड्या घ्याव्यात. समजा, अ तुकडीत ६० मुलं आहेत आणि निकाल ९० टक्के. ब तुकडीत मुलं २०, निकाल ५० टक्के. मुख्याध्यापकांना संस्थेकडे शाळेचा एकच आकडा पाठवायचा आहे. ९० आणि ५० ची बेरीज १४०, भागिले दोन, म्हणजे ७० टक्के. फळ्यावर लिहायला आकडाही सुबक.

आता टक्के बाजूला ठेवून पोरं मोजू. अ तुकडीतून ५४ पास, ब मधून १०. एकूण ८० पैकी ६४. म्हणजे ८० टक्के! सरासरी काढताना शाळेचा निकाल चक्क दहा टक्क्यांनी घसरला, आणि कोणाच्याही उत्तरपत्रिकेला हात न लावता आठ मुलं कागदावर नापास झाली.

ती गेली कुठे, हे शोधण्यासारखं आहे. दोन टक्क्यांची बेरीज करून दोनाने भागताना आपण दोन्ही तुकड्या सारख्याच मोठ्या आहेत असं न बोलता धरून चालतो. म्हणजे ८० मुलांची ४०-४० अशी वाटणी केली. अ मधली २० मुलं उचलून ब मध्ये नेऊन बसवली आणि त्यांनाही ब तुकडीचाच निकाल लावला. अ मध्ये त्या विसांपैकी १८ पास होत होती, ब च्या हिशेबाने फक्त १०. हीच ती आठ पोरं.

कोकणाच्या बाबतीत हीच चूक उलट्या दिशेने होते. या विभागात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे. नवाने भागलं की राज्याच्या नवव्या हिश्श्याएवढं, म्हणजे पावणेदोन लाखांच्या आसपास मुलांचं वजन त्याला मिळतं. तेवढे दहावीचे विद्यार्थी त्या दोन जिल्ह्यांत नाहीतच. म्हणून ९९ चा आकडा सगळ्या राज्याला थोडं वर ओढतो.

बरोबर उत्तराला गणितात भारित सरासरी म्हणतात: प्रत्येक टक्क्याला त्याच्या विद्यार्थिसंख्येने गुणायचं, बेरीज करायची आणि एकूण संख्येने भागायचं. ही संख्या परीक्षेला बसलेल्यांची हवी, पटावरची नव्हे. निकालाचे टक्के बसलेल्यांवरच काढलेले असतात. दोन्ही तुकड्यांत मुलं सारखीच असतील तर साधी सरासरीही चालते. आणि संख्या ठाऊकच नसतील, तर खरा आकडा दोन टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी, मोठ्या तुकडीकडे झुकलेला असणार, यापलीकडे प्रामाणिकपणे काही सांगता येत नाही. आपल्या शाळेत अ ची संख्या ब च्या तिप्पट आहे, म्हणून ८० हा आकडा ९० पासून १० वर आणि ५० पासून तिप्पट, ३० वर पडला.

भारित सरासरी आली म्हणजे सगळं निभावलं, असं मात्र नाही. समजा, पुढच्या वर्षी दोन्ही तुकड्यांनी मेहनत केली. अ चा निकाल ९५ टक्के, ब चा ५५. दोन्हीकडे पाच टक्क्यांची वाढ. पण त्या वर्षी अ मध्ये २० मुलं होती आणि ब मध्ये ६०. पास झाली १९ आणि ३३, एकूण ५२. शाळेचा निकाल ६५ टक्के. गेल्या वर्षी तो ८० होता. इथे हिशेबात काहीच चुकलेलं नाही. एडवर्ड सिम्पसन या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये अशा उलटफेरांवर लेख लिहिला, आणि पुढे या कोड्याला त्याचंच नाव चिकटलं. संस्थेच्या बैठकीत मुख्याध्यापकांना जाब विचारला गेला, तर त्यांनी टक्क्यांच्या आधी दोन्ही वर्षांची पटसंख्या टेबलावर ठेवावी. घसरण तिथे सापडेल, वर्गातल्या शिकवण्यात नाही.