तुलना करा: आशिया आणि आफ्रिकेची मुक्ती

‘आशिया व आफ्रिकेतील निर्वसाहतीकरणाची तुलना करा’ या प्रश्नाला बहुतेक विद्यार्थी आधी भारत, मग घाना असे दोन वेगळे निबंध लिहितात. त्यात माहिती असते, तुलना नसते. तुलनेसाठी दोन्हीकडे एकच मुद्दा लावून पाहावा लागतो.

समान कारण म्हणून दुसरे महायुद्ध घ्या. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौसैनिकांनी उठाव केला. फेब्रुवारी १९४८ मध्ये ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढून आलेले माजी सैनिक अक्रा शहरात मागण्या घेऊन निघाले. गोळीबारात तिघे मेले आणि दंगल पेटली. ज्या सैनिकांच्या बळावर साम्राज्य उभे होते, तेच आता त्याच्या विरोधात गेले होते.

आता वेगळ्या वाटा. भारताला १९४७ मध्ये स्वातंत्र्य मिळाले ते फाळणीसह. घानात एन्क्रुमा तुरुंगात असतानाच १९५१ ची निवडणूक जिंकले आणि १९५७ मध्ये देश स्वतंत्र झाला. केनियात मात्र १९५२ पासून माउ माउ बंडाचा रक्तरंजित संघर्ष झाला आणि स्वातंत्र्याला १९६३ उजाडले. हा फरक का पडला? केनियाच्या सुपीक डोंगराळ भागातल्या जमिनी गोऱ्या शेतकऱ्यांच्या ताब्यात होत्या. घानात असा वर्ग जवळजवळ नव्हताच.

म्हणून ‘आशिया शांत, आफ्रिका हिंसक’ हे सरसकट विधान चुकीचे ठरते. फाळणीतला रक्तपात आणि घानाची मतपेटी, दोन्ही ते खोडून काढतात.