साठेखत आधी की कंपनी आधी?

या वर्षी वर्गाला सोडवायला दिलेला प्रश्न असा होता. अरविंद जानेवारीत आपला प्लॉट चाळीस लाखांना मीनाला विकायचं ठरवतो, साठेखत करतो, पाच लाख विसार घेतो. मार्चमध्ये भाव चढतात. तो बायकोला सोबत घेऊन प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढतो आणि प्लॉट कंपनीच्या नावावर करून टाकतो. पुढे हीच कंपनी रफीककडून आठ लाखांचं सिमेंट आणि सळई उधारीवर उचलते आणि पैसे थकवते. मीनाला प्लॉट हवा आहे. रफीकला अरविंदच्या राहत्या घरावर टाच आणायची आहे. दोघांना सल्ला द्या.

बहुतेकांनी दोघांना एकच उत्तर दिलं: अरविंद लबाड आहे, म्हणून न्यायालय कंपनीचा पडदा दूर सारेल. खाली निवाड्यांची नावं ओळीने लिहिली. मार्क इथेच जातात. निवाडा म्हणजे नुसतं नाव नव्हे. त्यातली हकीकत आपल्या हकीकतीशेजारी ठेवून पाहावी लागते.

सुरुवात सालोमनपासूनच करावी. लंडनच्या या बूट बनवणाऱ्याने आपला धंदा कंपनीला विकला. 20,007 शेअर्सपैकी 20,001 त्याचे, उरलेले सहा घरच्यांचे. कंपनी बुडाली, देणेकऱ्यांच्या हाती काही लागेना. तरी हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं की कंपनी वेगळी, सालोमन वेगळा. कंपनीचं देणं त्याच्या अंगावर येत नाही. निवाडा 1897 सालच्या रिपोर्टात आहे. म्हणजे ‘सगळे शेअर्स अरविंदच्याच घरात आहेत’ एवढ्याने पडदा हलत नाही.

मग कशाने हलतो? इंग्लंडमधला 1962चा जोन्स विरुद्ध लिपमन पाहा. लिपमनने जोन्सशी जमिनीचा करार केला, मग मन बदललं म्हणून ती जमीन आपल्याच ताब्यातल्या कंपनीला दिली. न्यायालयाने लिपमन आणि कंपनी, दोघांनाही करार पाळायला लावला. मीनाची हकीकत हुबेहूब हीच. इथे तारखांकडे बघायचं. मीनाला प्लॉट देण्याची जबाबदारी जानेवारीतच अरविंदवर आली होती, कंपनी मार्चमध्ये उभी राहिली. अंगावर आधीच असलेली जबाबदारी चुकवायला कंपनी आडवी घातली, हे 2013च्या प्रेस्ट विरुद्ध पेट्रोडेल खटल्यात लॉर्ड सम्प्शन यांनी पडदा सारण्याचं खरं कारण मानलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही 2014 साली बलवंत राय सलुजा विरुद्ध एअर इंडिया या निवाड्यात हा उपाय हात राखूनच वापरावा, असं म्हटलं. आणि त्या खटल्यात पडदा सारायला नकार दिला.

प्रेस्टमधली आणखी एक गोष्ट मुलं हमखास विसरतात. दुसरी वाट असेल तर पडद्याला हात लावायचा नाही. त्या खटल्यात पत्नीला कंपन्यांच्या नावावरची सात घरं मिळाली ती पडदा सारून नव्हे, तर कंपन्या ती घरं नवऱ्यासाठी विश्वस्त म्हणून धरून होत्या म्हणून. मीनाकडेही अशी वाट आहे. विशिष्ट साहाय्य कायद्याच्या कलम 19 नुसार साठेखतानंतर मालमत्ता घेणाऱ्यावरही करार बजावता येतो. सुटतो तो फक्त पैसे मोजून, प्रामाणिकपणे आणि साठेखताची कल्पना नसताना घेणारा. इथे कंपनीचा डायरेक्टर खुद्द अरविंद. साठेखत त्यानेच केलेलं, मग कंपनीला कल्पना नव्हती असं कोण म्हणेल? 1954च्या लाला दुर्गा प्रसाद निवाड्यानुसार हुकूमही सरळ मिळतो: अरविंदने मीनाला खरेदीखत करून द्यावं आणि कंपनीने त्यात सामील व्हावं. उत्तरात आधी हे लिहावं आणि जोन्स विरुद्ध लिपमन आधाराला ठेवावा.

रफीकची गोष्ट निराळी. त्याची बिलं पहिल्या दिवसापासून कंपनीच्या नावाने. अरविंदवर आधीचं कुठलंच देणं नव्हतं, मग त्याने चुकवलं काय? मीनाशी केलेली लबाडी रफीकच्या कामी येत नाही, आणि सालोमन आडवा येतो. अरविंदने वैयक्तिक हमी लिहून दिली होती का, हे मात्र आधी विचारावं; दिली असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर कंपनी कायदा 2013चं कलम 339 उरतं. कंपनी गुंडाळताना असं दिसलं की देणेकऱ्यांना फसवण्याच्या हेतूनेच धंदा चालवला, तर तो जाणूनबुजून चालवणाऱ्यांवर न्यायाधिकरण देण्याची अमर्याद जबाबदारी टाकू शकतं. पण पैसे थकले म्हणजे फसवणूक झाली असं नाही. माल मागवला त्या दिवशी बँक खात्यात काय होतं, आणि सळई उतरल्यावर तिचं पुढे काय झालं, हे रफीकला दाखवावं लागेल. प्रश्नात यातलं काहीच दिलेलं नाही, म्हणून उत्तरातही ते ‘असेल तर’ म्हणूनच लिहावं.