जेवणानंतर दोन तासांनी

“पोट अधूनमधून दुखतं, ॲसिडिटी असावी.” दवाखान्यात शिरलेला माणूस बहुतेक वेळा एवढंच बोलतो. त्या क्षणी दुखत नसतं, पोट दाबून पाहिलं तरी हाताला काही लागत नाही, बाहेर रांग असते. मग गोळी लिहून दिली जाते आणि पुढचे काही महिने तसेच जातात. येऊन-जाऊन असणारं दुखणं तपासताना क्वचितच सापडतं. ते सापडतं हकिकतीत. म्हणून ती घरी बसून लिहून न्यावी. खाली एक पत्र आहे. ते नमुन्यादाखल रचलेलं आहे, पण त्यातली लक्षणं डॉक्टरांच्या रोजच्या पाहण्यातली आहेत. लिहिणाऱ्या बाई 44 वर्षांच्या, शाळेत शिक्षिका.

“डॉक्टरांना सा. न. वि. वि.

आषाढी एकादशीपासून मला पोटदुखीचे झटके येतात. त्या दिवशी संध्याकाळी साबुदाणावडे खाल्ले आणि रात्री दहाच्या सुमारास दुखायला लागलं. नंतर गणपतीत तळणीचे मोदक खाल्ले त्या रात्री, दिवाळीत फराळानंतर, आणि गेल्या आठवड्यात लग्नाच्या जेवणानंतर. एकदा मात्र साधा वरणभात खाऊन झोपले होते, तरी रात्री एकला दुखण्यानं जाग आली. तुरीच्या डाळीनं होत असेल म्हणून डाळ महिनाभर बंद केली. उपयोग झाला नाही.

दुखतं ते उजवीकडे बरगड्यांच्या खाली, कधी वरच्या पोटाच्या मधोमध. चढत जातं आणि मग एकाच जोरानं दुखत राहतं. उजव्या खांद्याच्या मागे, पाठीतही जाणवतं. कुशीवर वळले, उठून फेऱ्या मारल्या, तरी आराम पडत नाही. दोनदा उलटी झाली, पण त्यानंतरही थांबलं नाही. गोळी घेते, मग दीड-दोन तासांनी गुण येतो. एकदा चार तास लागले. मधल्या दिवसांत ठणठणीत असते. उपाशीपोटी दुखत नाही.

ताप आलेला नाही, डोळे पिवळे झालेले नाहीत, लघवीचा आणि शौचाचा रंग नेहमीसारखा आहे. वेदनाशामक गोळ्या घेत नाही. आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं. वर्षाच्या सुरुवातीला कडक डाएट करून अडीच महिन्यांत सोळा किलो वजन उतरवलं, ते तेवढंच टिकलं आहे.

शिवाय सकाळी मोठा पेलाभर दूध घेतलं की तासाभरात पोट फुगतं, गुरगुरतं, कधी शौचाला पातळ होतं. हे मात्र बरीच वर्षं आहे.”

बाईंनी स्वतः निदान केलेलं नाही, हे या पत्रातलं मला सर्वांत आवडलेलं. काय खाल्लं, किती वाजता दुखलं, कुठे, किती वेळ, एवढंच त्या सांगतात. डाळीवर त्यांचा संशय होता. पण संशयाबरोबर तो पारखून पाहिल्याचंही लिहिल्यामुळे डॉक्टरांना डाळ बाजूला ठेवता येते आणि साबुदाणावडा, मोदक, चकली, लग्नाचं जेवण यांत समान काय, ते दिसतं. ते म्हणजे तळण.

स्निग्ध अन्न जठरातून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात उतरलं की तिथून एक संप्रेरक रक्तात सुटतं आणि यकृताखालची पित्ताशयाची पिशवी आकुंचन पावून साठवलेलं पित्त आतड्यात सोडते. पिशवीत खडे असतील तर एखादा तोंडाशी अडकतो. वाट बंद, आणि पिशवी तर दाबतेच आहे. त्यातून हे दुखणं उठतं. जेवण आणि दुखणं यांत मधे वेळ जातो तो यामुळे. खडा सुटून मागे पडला की दुखणं ओसरतं. त्यामुळेच झटका सहसा अर्ध्या तासापेक्षा कमी नसतो आणि काही तासांत आपोआप संपतो. वरणभाताच्या रात्रीचा झटका या हिशेबात बसत नाही असं वाटेल, पण खड्यांचं दुखणं तेलकट खाल्ल्याशिवायही येतं आणि रात्री झोपेतून उठवणं ही त्याची जुनी खोड आहे. तो झटका गाळून टाकला नाही हे बाईंनी बरं केलं.

गोळीचं श्रेय मात्र तपासून पाहावं लागतं. आम्ल शमवणाऱ्या औषधानं जळजळ सहसा काही मिनिटांतच कमी होते. दोन तासांनी आलेला गुण बहुधा गोळीचा नसतो; दुखणं आपल्या वेळेनं थांबलेलं असतं आणि त्या आधी जे घेतलं असेल, गोळी, ओवा की सोडा, त्याला यश मिळतं. अशा खोट्या यशावर कित्येकांची पोटदुखी वर्षभर ‘ॲसिडिटी’ म्हणून नांदते. यासाठी औषध घेतल्याची वेळ आणि थांबल्याची वेळ, दोन्ही लिहाव्यात.

आतड्याच्या सुरुवातीच्या भागात व्रण असेल तर चित्र बऱ्याचदा उलटं असतं: पोट रिकामं असताना किंवा पहाटे दुखतं आणि काही खाल्लं की थोडा वेळ बरं वाटतं. वेदनाशामक गोळ्या हे अशा व्रणाचं मोठं कारण, म्हणून त्या घेत नाही हे लिहिणं कामाचं. वजनाची गोष्ट बाईंनी जाता जाता सांगितली, पण फार झपाट्यानं वजन उतरवलं की पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. डॉक्टरांनी अधोरेखित केलं असेल तर हेच वाक्य.

दुखणं सहा तासांच्या पुढे गेलं, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे किंवा लघवी गडद झाली, शौचाला डांबरासारखं काळं झालं, तर पत्र लिहीत बसू नये, थेट रुग्णालय गाठावं. वरच्या पोटात दुखून घाम फुटला, दम लागला तरी तसंच. हृदयविकाराचा झटकाही पोटदुखीचं सोंग घेतो.

या बाईंना सोनोग्राफी सांगितली जाईल, ती सकाळी उपाशीपोटी. काही खाल्लं की पिशवी रिकामी होऊन आक्रसते आणि नीट दिसत नाही. पित्ताशयातले खडे या तपासणीत सहज दिसतात. पण खडे दिसले म्हणजे दुखणं त्यांचंच, असं नाही. बहुतेकांचे खडे आयुष्यभर गप्प असतात आणि दुसऱ्याच कशासाठी केलेल्या तपासणीत अवचित सापडतात. अशांना सहसा ऑपरेशन लागत नाही. रिपोर्टात ‘खडे’ एवढंच असतं. ते बोलायला लागलेत की नाही हे पत्रातल्या वेळा, जागा आणि झटक्यांची ठेवण सांगते. इथे ती जुळते, तेव्हा दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचा सल्ला रास्त ठरेल.

आणि दूध? ती तक्रार वेगळी, बहुधा दुधातली साखर न पचण्याची. बरीच वर्षं आहे, तासाभरात होते, गॅस आणि जुलाबावर संपते. खड्यांच्या झटक्याशी तिचं काही जुळत नाही. पित्ताशय काढलं तरी पोट फुगतंच, अशी कुरकूर ऑपरेशननंतर पुष्कळदा ऐकू येते. या दोन तक्रारी आधीच वेगळ्या केल्या असत्या तर त्यातली बरीच टळली असती. त्यामुळे शस्त्रक्रियेची तारीख ठरण्याआधीच डॉक्टर बाईंना सांगतील: दोन आठवडे दूध बंद करा, ताक-दही चालेल, मग पुन्हा एक दिवस तोच पेला घ्या आणि काय झालं ते वेळेसकट लिहून आणा.