दंड साठ रुपये, पन्नास की तीस?

‘मर्ज कॉन्फ्लिक्ट आलाय. दोन्हीकडचा कोड खाली देतोय. फायनल काय ठेवू?’ रिलीजच्या आदल्या संध्याकाळी असा निरोप ज्याला कधी आला नाही, असा अनुभवी डेव्हलपर हिंजवडीत शोधून सापडणार नाही. निरोपाखाली कोडच्या दोन ओळी असतात. कोणती ओळ कुठल्या ब्रँचमधली, कॉन्फ्लिक्ट कुठली आज्ञा दिल्यावर आला, शेवटी प्रोग्रामने काय करणं अपेक्षित आहे, यातलं काहीच नसतं. विचारणाऱ्याला वाटतं, दोन्ही बाजू दिल्या म्हणजे सगळं दिलं. समोरच्याला मात्र उत्तर देता येत नाही, आणि त्याचं कारण अनुभव कमी पडणं हे नसतं.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. गिट म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी व्यवस्था. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ती 2005 साली लिहिली, कारण लिनक्सच्या कामासाठी तोवर वापरात असलेल्या ‘बिटकीपर’ या साधनाची फुकट वापराची सवलत बंद झाली होती. गिटमध्ये एकाच कोडच्या अनेक शाखा, म्हणजे ब्रँच, काढता येतात. दोघं जण आपापल्या ब्रँचवर काम करतात आणि नंतर ते काम एकत्र केलं जातं. हे एकत्र करणं म्हणजे मर्ज. दोघांनी वेगवेगळ्या जागी हात घातला असेल तर गिट मुकाट्याने सगळं जोडून टाकतं. दोघांनी एकच ओळ वेगवेगळ्या तऱ्हेने बदलली असेल तर ते थांबतं आणि निर्णय माणसावर सोपवतं. यालाच कॉन्फ्लिक्ट म्हणतात.

आता एक छोटं उदाहरण घेऊ. एका वाचनालयाच्या प्रोग्राममध्ये उशिरा परत आलेल्या पुस्तकाचा दंड मोजणारी `fine.py` नावाची फाइल आहे. मदत मागणाऱ्याने त्यातल्या या दोन ओळी पाठवल्या:

```
fine = days * 2
fine = min(days * 1, 50)
```

पहिली ओळ सांगते, दिवसाला 2 रुपये दंड. दुसरी सांगते, दिवसाला 1 रुपया, पण जास्तीत जास्त 50 रुपये. पुस्तक 30 दिवस उशिरा आलं तर पहिल्या ओळीने दंड 60 रुपये होतो, दुसरीने 30. बरोबर कोणता?

बहुतेक जाणकार इथे अंदाज बांधतील: मूळ दर 1 रुपया असावा, एकाने तो 2 केला, दुसऱ्याने 50 ची कमाल मर्यादा घातली. दोघांचंही काम राखायचं तर `min(days * 2, 50)` लिहावं, दंड 50 रुपये. उत्तर समंजस वाटतं. पण ते मूळ ओळीबद्दलच्या एका गृहीतकावर उभं आहे. समजा मूळ ओळ `min(days * 2, 50)` हीच होती. तर पहिल्याने काय केलं? मर्यादा काढून टाकली. दुसऱ्याने? दर 2 वरून 1 वर आणला. दोघांचं काम राखायचं तर आता ओळ `days * 1` अशी होते आणि दंड 30 रुपये. पाठवलेल्या दोन ओळी अक्षरशः त्याच, पण मूळ ओळ वेगळी निघाली आणि उत्तर उलटं झालं. जाणकाराने जे उत्साहाने ‘जोडून’ दिलं असतं, त्यात दोघांनीही मुद्दाम बदललेल्या गोष्टी पुन्हा जिवंत झाल्या असत्या.

गिट स्वतःही दोन बाजूंवरून निर्णय घेत नाही, तीन गोष्टी पाहतं: आपली बाजू, त्यांची बाजू आणि दोन्ही ब्रँच जिथून फुटल्या तिथली मूळ प्रत. कोणी काय बदललं हे मूळ प्रतीशी ताडल्याशिवाय ठरतच नाही. गंमत अशी की, कॉन्फ्लिक्ट आल्यावर फाइलमध्ये ज्या खुणा उमटतात, त्यांत मूळ प्रत एरवी दिसत नाही. ती मागावी लागते:

```
git checkout --conflict=diff3 fine.py
```

ही आज्ञा कॉन्फ्लिक्टच्या खुणा पुन्हा नव्याने उमटवते. मात्र त्या फाइलमध्ये तोवर हाताने केलेली दुरुस्ती पुसली जाते, हे ध्यानात ठेवून ती चालवावी. मग फाइल अशी दिसते:

```
<<<<<<< ours
fine = days * 2
||||||| base
fine = days * 1
=======
fine = min(days * 1, 50)
>>>>>>> theirs
```

वरचा तुकडा सध्याच्या ब्रँचचा, खालचा `fine-cap` या ब्रँचचा, आणि उभ्या दांड्यांखालचा मधला तुकडा मूळ प्रतीचा. एवढ्या सात ओळी निरोपात आल्या असत्या तर अर्धी चर्चा वाचली असती. दर वेळी आज्ञा द्यायची नसेल तर `git config --global merge.conflictStyle diff3` एकदा चालवलं की पुढे मूळ प्रत आपोआप दिसू लागते. खरं तर गिटने ही सोय सुरुवातीपासूनच चालू ठेवायला हवी होती.

मग लोक या खुणा पाठवत का नाहीत? काहींना तो कचरा वाटतो. कोड नीट दिसावा म्हणून ते खुणा पुसून मगच पाठवतात. काहींना त्या धड दिसलेल्याच नसतात, कारण व्हीएस कोडसारखा एडिटर दोन्ही बाजू रंगवतो आणि वर बटणं देतो. त्यातलं `Accept Both Changes` हे बटण भलतंच मोहक आहे. ते दाबलं की दोन्ही ओळी एकाखाली एक बसतात. प्रोग्राम विनातक्रार चालतो, कुठेही लाल अक्षर दिसत नाही. पण पहिल्या ओळीने काढलेला दंड दुसरी ओळ लगेच पुसून टाकते. दर 2 रुपये करण्याचं काम कोणाच्याही नकळत वाहून जातं. गिट इथे मदतीला येत नाही. फाइल `git add` केली की त्याच्या लेखी तंटा मिटला. आत काय लिहिलंय ते तपासणं हे त्याचं काम नाही.

कधीकधी खुणा नसतात हेही खरं असतं. एकाने फाइल बदलली आणि दुसऱ्याने ती डिलीटच केली, किंवा फाइल म्हणजे एखादं चित्र किंवा एक्सेलचा तक्ता असला, तर आत खुणा उमटायला जागाच नसते. अशा वेळी `git status` काय म्हणतं ते जसंच्या तसं पाठवावं. तिथे `both modified` लिहिलंय की `deleted by them`, यावरून पुढची वाट पूर्ण बदलते.

ब्रँचचं नाव ही वरवर किरकोळ वाटणारी माहिती, पण सर्वाधिक नुकसान तिच्या अभावी होतं. ‘माझं ठेवायचंय’ असं कोणी लिहिलं की जाणकार सांगतो, `git checkout --ours fine.py` चालवा. मर्ज चालू असेल तर हे बरोबर आहे. पण तोच माणूस रिबेस करत असेल तर? रिबेसमध्ये गिट आधी समोरच्या ब्रँचवर जाऊन उभं राहतं आणि आपले कमिट एकेक करून तिच्यावर रचतं. त्यामुळे त्या क्षणी `ours` म्हणजे समोरच्यांचा कोड आणि `theirs` म्हणजे आपला. सल्ला शब्दशः पाळला की आपलंच काम बाजूला पडतं. `git status` ची पहिली काही वाक्यं दिली असती तर हे घडलं नसतं, कारण मर्ज चालू आहे की रिबेस, आणि कोणत्या ब्रँचवर, ते तिथेच छापलेलं असतं.

खुणा आल्या, मूळ प्रत आली, ब्रँचची नावं आली. तरीही दंडाचा प्रश्न सुटत नाही. मूळ ओळ `days * 1` होती असं कळल्यावर `min(days * 2, 50)` हे उत्तर पक्कं वाटतं. पण ती 50 ची मर्यादा ठरली तेव्हा दर 1 रुपया होता. म्हणजे ठरवणाऱ्याच्या मनात ‘50 रुपयांहून जास्त घ्यायचे नाहीत’ असं होतं की ‘50 दिवसांपुढे मोजायचं नाही’? त्या दराने दोन्हींचा अर्थ एकच निघत होता. दर दुप्पट झाल्यावर ते दोन वेगळे नियम झाले. पहिल्या अर्थाने 30 दिवसांचा दंड 50 रुपये, दुसऱ्याने मर्यादा 100 वर जाते आणि दंड 60. याचं उत्तर कोडमध्ये कुठेही नाही. ते वाचनालय चालवणाऱ्यांकडे आहे, किंवा नशीब चांगलं असेल तर कमिटच्या संदेशात. `git log --merge -p` ही आज्ञा कॉन्फ्लिक्टमध्ये अडकलेल्या फाइलला दोन्ही बाजूंनी ज्या ज्या कमिटनी हात लावला तेवढेच काढून दाखवते. तिथे ‘सभासदांच्या तक्रारीनंतर दंड कमाल 50 रुपये’ असं लिहिलेलं सापडलं तर प्रश्न मिटला. ‘fix’ एवढंच लिहिलेलं सापडलं तर ज्याने ते लिहिलं त्याला फोन लावावा लागतो.

लिनक्सच्या कामात ही शिस्त रूढ आहे. टोरवाल्ड्स यांना कॉन्फ्लिक्ट आलेले चालतात. ते स्वतः सोडवायची त्यांची तयारी असते. पण काम पाठवणाऱ्याला तो आधीच दिसला असेल, तर कुठे अडणार आणि आपण तो कसा सोडवून पाहिला, हे सोबत कळवावं, असं लिनक्सच्या मार्गदर्शक कागदपत्रांतच सांगितलेलं आहे. ज्याने गिट लिहिलं त्यालाही हे सांगावं लागतं, तर शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला न सांगता कसं कळेल?

कंपनीचा कोड बाहेर दाखवता येत नाही, ही अडचण खरी आहे. तेव्हा नावं बदलावीत, आकडे बदलावेत, पण खुणा आणि मधली मूळ ओळ तशीच ठेवावी. त्याखाली दोन वाक्यं पुरतात: ‘`main` वर असताना `fine-cap` मर्ज करत होतो. दर 2 रुपये राहायला हवा आणि दंड 50 च्या वर जायला नको.’ हे दुसरं वाक्य लिहिताना अनेकांना लक्षात येतं की ते आपल्यालाच ठाऊक नाही. अशा वेळी `git merge --abort` चालवावं. मर्ज सुरू करण्याआधी सगळं काम कमिट केलेलं असेल तर फाइली होत्या तशा परत येतात, आणि दंड किती घ्यायचा हे वाचनालयाला विचारून दुसऱ्या दिवशी तोच मर्ज पुन्हा सुरू करता येतो.