मोठेपणी बुद्धिबळ शिकायचंय? फोनवर सुरुवात कुठून करायची

चाळिशी-पन्नाशीत बुद्धिबळाकडे वळणाऱ्या अनेकांना घोडा अडीच घरं चालतो हे लहानपणापासून ठाऊक असतं. पण घरच्या पटावर शिकलेला तो खेळ बऱ्याचदा देशी पद्धतीचा असतो. त्यात प्यादं पहिल्यांदाही एकच घर पुढे जातं आणि शेवटच्या ओळीत पोचलं की त्या घरचं मोहरं होतं. फोनवरची बहुतेक अ‍ॅप्स मात्र आंतरराष्ट्रीय नियमांनीच चालतात. प्रतिस्पर्ध्याचं प्यादं एकदम दोन घरं पुढे येतं, किंवा आपलं प्यादं त्याच्या शेजारून तिरकं जाऊन मारलं जातं आणि खेळणारा चक्रावतो. अ‍ॅप बिघडलंय असंही त्याला वाटतं. खरं तर तो ‘आं पासां’चा रीतसर नियम असतो.

म्हणून पहिले काही दिवस डाव न खेळता नियमांना द्यावेत. त्यासाठी लिचेस पुरेसं आहे. थिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रॅमरने 2010 मध्ये ते सुरू केलं. ते देणग्यांवर चालतं, त्यात जाहिराती नाहीत आणि पैसे भरून उघडावा लागेल असा एकही भाग नाही. lichess.org उघडून Learn मध्ये गेलं की मोहऱ्यांच्या चालींपासून छोटे छोटे धडे आहेत. हे धडे ब्राउझरमध्येच उघडावेत. देशी पद्धतीत वाढलेल्यांनी त्यातले कॅसलिंग, आं पासां आणि स्टेलमेट हे तीन धडे तर चुकवूच नयेत. कॅसलिंग करायचं म्हणजे फोनवर काय करायचं, इथेही बरेच जण अडतात. राजाच उचलून हत्तीच्या दिशेने दोन घरं सरकवायचा, हत्ती आपोआप पलीकडे येऊन बसतो.

नियम पक्के झाले की कोडी. लिचेसवरची कोडी तिथेच खेळल्या गेलेल्या खऱ्या डावांतून काढलेली असतात, त्यामुळे स्थिती ओळखीची वाटते. पण सुरुवातीलाच सगळ्या प्रकारांची मिसळ, म्हणजे तिथली Healthy mix, घेतली तर नवखा माणूस अंदाजाने खेळ्या मारू लागतो. त्यापेक्षा विषय निवडावा. आधी Mate in 1, म्हणजे एका खेळीत मात. मग Hanging piece, म्हणजे कुणाचाही आधार नसलेलं, फुकट मिळणारं मोहरं. त्यानंतर Fork, म्हणजे एकाच खेळीत दोन मोहऱ्यांवर हल्ला. काठिण्य Easiest वर ठेवलं की अ‍ॅप तुमच्या कोड्यांच्या रेटिंगपेक्षा सुमारे 600 गुणांनी सोपी कोडी देतं. इतकी सोपी कोडी सोडवण्यात कमीपणा नाही. नवख्यांच्या डावांचे निकाल नेमके अशाच साध्या गोष्टींवर लागतात.

कोडं सोडवताना एक पथ्य पाळावं. प्रतिस्पर्ध्याचं उत्तर डोळ्यांसमोर आल्याशिवाय मोहऱ्याला हात लावायचा नाही. चुकलं की गुण जातात, पण खरं नुकसान ‘करून तर बघू’ ही सवय लागण्याचं असतं. कोड्यांना एक मर्यादाही आहे. कोडं समोर आलं की इथे काहीतरी सापडणार हे आधीच माहीत असतं. डावात तसं कुणी सांगत नाही. त्यामुळे कोड्यांचं रेटिंग भराभर चढतं आणि तोच माणूस डावात वजीर फुकट देऊन बसतो. यावर उपाय जुनाच आहे. प्रत्येक खेळीआधी शह, मार आणि धमकी या तीन गोष्टी पाहायच्या, आणि आपल्याआधी समोरच्याच्या.

नवख्यांच्या डावात हमखास येणारा एक प्रसंग पाहू. पांढरा राजापुढचं प्यादं e4 वर आणतो, काळा e5 ने उत्तर देतो. पांढऱ्याचा वजीर लगेच h5 वर येतो आणि e5 च्या प्याद्यावर नजर ठेवतो. काळा घोडा c6 वर आणून ते प्यादं राखतो, ते बरोबरच. मग पांढऱ्याचा उंट c4 वर येतो. काळ्याला वाटतं, आता या वजिराला हुसकावू, आणि तो दुसरा घोडा f6 वर आणतो. पुढच्याच खेळीला वजीर f7 चं प्यादं मारतो आणि मात होते. राजाला वजीर मारता येत नाही, कारण मागून c4 च्या उंटाचा त्याला आधार आहे.

असा डाव हरला की बहुतेक जण चिडून लगेच दुसरा लावतात. तिथे थांबायला हवं. डाव संपल्यावर लिचेसवर संगणकाकडून विश्लेषण मागता येतं आणि Learn from your mistakes हे बटण दाबलं की ते तुम्हाला घोडा f6 वर जाण्याआधीच्या स्थितीत नेऊन ठेवतं: आता चांगली खेळी शोधा. एक घर पुढे सरकवलेलं g6 चं प्यादं वजिराची वाट अडवतं आणि त्याच्यावर हल्लाही करतं. वजीर f3 वर गेला तर f7 वर पुन्हा नजर पडते, पण आता f6 वरचा घोडा मधे येतो आणि धोका टळतो. शिवाय काळ्याचे दोन्ही घोडे बाहेर आले, आणि पांढऱ्याचा वजीर मात्र स्वतःच्याच घोड्याची चांगली जागा अडवून बसला. संगणक चूक दाखवतो, पण का चुकलं ते शब्दांत सांगत नाही. f7 ला राजाखेरीज कुणाचाच आधार नव्हता, हे कारण आपलं आपणच शोधावं लागतं. म्हणून विश्लेषण मागण्याआधी डाव एकदा स्वतः मागे नेऊन पाहावा.

डाव कोणत्या वेळेचा, यावरही बरंच अवलंबून आहे. तीन मिनिटांच्या डावात नवख्याला विचार करायला सवडच मिळत नाही. 15+10 निवडावं: प्रत्येकाला पंधरा मिनिटं आणि दर खेळीमागे दहा सेकंदांची भर. नोकरी-संसार सांभाळून खेळणाऱ्यांना एकेका खेळीला काही दिवस देणारा पत्रव्यवहारी डाव उत्तम. पुण्यातली बहीण आणि अमेरिकेतला भाऊ यांचा डाव तसा आठवडेच्या आठवडे चालू शकतो. दुवा पाठवून ओळखीच्या माणसाला बोलवावं आणि डाव Casual ठेवावा, म्हणजे हरलं तरी गुण कमी होत नाहीत. सोप्या पातळीच्या संगणकाशी खेळण्यापेक्षा हे बरं, कारण तो बराच वेळ चोख खेळून अचानक एखादं मोहरं देऊन टाकतो. माणसं तशी चुकत नाहीत.

रेटिंगचा धसका घेऊ नये. लिचेसवर प्रत्येकाची सुरुवात 1500 पासून होते आणि आकड्यापुढे प्रश्नचिन्ह असतं. पहिल्या काही पराभवांत तो शेकड्यांनी घसरतो. ती घसरण म्हणजे अ‍ॅप तुमची खरी पातळी शोधतंय एवढंच. चेस डॉट कॉमवर सुरुवातीला आपली पातळी आपणच निवडायची असते, त्यामुळे तिथला आकडा इथल्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. आकडा फारच खुपत असेल तर लिचेसच्या सेटिंग्जमध्ये रेटिंग दिसणंच बंद करता येतं.

2007 मध्ये सुरू झालेल्या चेस डॉट कॉमचे धडे अधिक आकर्षक आहेत आणि डावाचं परीक्षण शब्दांत समजावून दिलं जातं. मात्र फुकट खात्यावर कोडी, धडे आणि परीक्षण या सगळ्यांना मर्यादा आहे. 2025 मध्ये ड्युओलिंगोनेही बुद्धिबळ आणलं. अगदीच नवख्याला त्याचे छोटे धडे सोपे जातात, पण खेळ वाढवायला ते पुरत नाहीत. पैसे भरायचेच असतील तर आधी लिचेसवर दोन-तीन महिने काढावेत, हरलेले डाव नीट पाहावेत आणि तरीही चूक का झाली हे उमगत नसेल तरच चेस डॉट कॉमचं सशुल्क खातं घ्यावं.